पहाटे साडेपाचची चौकट: क्रिप्टोच्या डेली कँडलवर ओपनिंग रेंज ब्रेकआउट

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात सूर्य जवळपास साडेपाचलाच उगवतो. त्याच वेळी बिटकॉइनची नवी डेली कँडल, म्हणजे दिवसभराचा भाव दाखवणारी चार्टवरची कांडी, उघडते. कूलरची घरघर चालू, गच्चीवर झोपलेल्या शेजाऱ्यांची अंथरुणं गोळा होतायत आणि मी चार्टसमोर. इतवारीतला एक मित्र किराण्याचा ठोक धंदा करतो. त्याने एकदा विचारलं, "काऊन बे, चोवीस तास चालू असलेला बाजार, मंग त्याची ओपनिंग कशाची?" प्रश्न अगदी मुळाचा होता. बाजार उघडल्यावर पहिल्या काही वेळातल्या उच्चांक-नीचांकाची चौकट आखायची आणि भाव ती तोडेल त्या दिशेने सौदा घ्यायचा, ही पद्धत म्हणजे ओपनिंग रेंज ब्रेकआउट. ती शिकवणारे बहुतेक लोक या प्रश्नाला बगल देतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साडेपाचलाच का

शेअरबाजारात ओपनिंग रेंजला अर्थ असतो, कारण बाजार रात्रभर बंद असतो. त्या काळात साचलेल्या बातम्या आणि ऑर्डरी सकाळी एकदम भिडतात. पहिल्या पंधरा मिनिटांचा किंवा तासाभराचा उच्चांक-नीचांक म्हणजे त्या भिडण्याचा निकाल. क्रिप्टोत शटर कधी पडतच नाही, त्यामुळे गॅप नाही आणि साचलेल्या ऑर्डरीही नाहीत. UTC या जागतिक वेळेप्रमाणे मध्यरात्री, म्हणजे आपल्या ५:३० वाजता, दिवस बदलतो तो फक्त हिशेबापुरता.

तरी त्या वेळी तीन खऱ्या गोष्टी घडतात. पहिली, टोकियो आणि सोलचे शेअरबाजार त्यांच्या सकाळी ९ ला उघडतात, म्हणजे नेमके आपल्या ५:३० ला. दुसरी, बऱ्याच मोठ्या एक्स्चेंजवर परपेच्युअल, म्हणजे मुदत नसलेल्या फ्युचर्सचं फंडिंग, म्हणजे तेजीवाल्यांनी आणि मंदीवाल्यांनी एकमेकांना द्यायची रक्कम, दर आठ तासांनी चुकतं केलं जातं: आपल्या पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३० ला. फंडिंग वाचवायला बाहेर पडलेले लोक त्यानंतर परत येतात. तिसरी, डेली कँडलच्या क्लोजवर निर्णय घेणारे बॉट आणि माणसं याच मिनिटाला ऑर्डरी टाकतात.

पुढे ७ वाजता हाँगकाँग आणि शांघाय उघडतात. म्हणजे ५:३० ते ६:३० हा तास टोकियोचा, आणि त्यानंतर लगेच दुसरी मोठी लाट येण्याची शक्यता. आपण पहिल्या तासाची चौकट आखतो आणि ती तुटते का, हे दुसऱ्या लाटेत पाहतो. माझ्या लेखी या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. ज्या दिवशी टोकियो बंद, त्या दिवशी चौकटीतला जीव निघून जातो. म्हणून शनिवार-रविवार मी बसत नाही. जपानच्या सुट्ट्यांची यादी कालनिर्णयाच्या शेजारी टाचलेली आहे, आणि २९ एप्रिल ते ५ मे या त्यांच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात पहाटे सरळ झोपतो.

चार्ट लावताना

सिग्नल नेहमी मोठ्या उलाढालीच्या `BTCUSDT` जोडीवर, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या USDT मधल्या बिटकॉइनच्या भावावर बघा, रुपयातल्या जोडीवर नाही. पहाटे रुपयातल्या ऑर्डरबुकमध्ये माल विरळ असतो. एखादी मध्यम ऑर्डरसुद्धा तिथे लांब शेपटी काढते आणि तुमची चौकट उगाच फुगते.

टाइमफ्रेम १५ मिनिटं, चार्टची वेळ कोलकाता. आता एक तपासणी, जी जवळपास कुणी करत नाही. डेली कँडलची ओपन किंमत बघा, मग १५ मिनिटांच्या चार्टवर ५:३० च्या कँडलची ओपन बघा. दोन्ही सारख्या हव्यात. त्या जुळत नसतील, तर तुमचं ॲप दिवस भारतीय मध्यरात्रीपासून मोजतंय आणि त्याची डेली कँडल आपल्या कामाची नाही.

चौकट हाताने आखता येतेच, पण अर्धवट झोपेत चूक होते. ट्रेडिंगव्ह्यूवर एवढी स्क्रिप्ट पुरते:

```
//@version=5
indicator("ORB 0530", overlay=true)
inR = not na(time(timeframe.period, "0000-0100", "UTC"))
var float hi = na
var float lo = na
if inR and not inR[1]
    hi := high
    lo := low
else if inR
    hi := math.max(hi, high)
    lo := math.min(lo, low)
plot(inR ? na : hi, "High", color.green, style=plot.style_linebr)
plot(inR ? na : lo, "Low", color.red, style=plot.style_linebr)
```

स्क्रिप्टमध्ये वेळ UTC ची आहे, त्यामुळे चार्ट कुठल्याही वेळेवर ठेवला तरी रेषा ५:३० ते ६:३० च्याच येतील. ६:३० ला हिरवी आणि लाल रेषा उमटली की चौकट पक्की. त्यानंतर ती हलवायची नाही.

काही जण पहिल्या १५ मिनिटांचीच चौकट घेतात. मी सोडून दिली. फंडिंगनंतरची उलटसुलट आणि टोकियोचे पहिले सौदे याच पंधरा मिनिटांत येतात, मग चौकट कधी भलतीच रुंद होते तर कधी काडीएवढी.

चौकट मोजणं

ब्रेकआउटकडे बघण्याआधी चौकटीची रुंदी मोजायची, आणि ती नुसत्या डॉलरमध्ये नाही, तर त्या नाण्याच्या रोजच्या सवयीच्या तुलनेत. डेली चार्टवर १४ दिवसांचा एटीआर लावा आणि काल बंद झालेल्या कँडलवरचा आकडा घ्या. एका दिवसात भाव सरासरी किती फिरतो ते त्यातून कळतं. पहिल्या तासाची रुंदी एटीआरच्या १५ ते ३५ टक्क्यांत असेल तरच मी पुढे जातो. हे आकडे वेदवाक्य नाहीत, माझ्या वहीतून आलेत. त्यांमागचं कारण मात्र सोपं आहे.

चौकट फार रुंद असेल, म्हणजे दिवसाची अर्धी धाव पहिल्याच तासात झाली असेल, तर तुटल्यावर पुढे जायला अंगणच उरत नाही. तुम्ही दमलेल्या घोड्यावर बसता. उलट चौकट फार अरुंद असेल, तर कुठल्याही किरकोळ ऑर्डरने ती तुटते आणि परत आत येते. अरुंद चौकटीचा याहून मोठा तोटा फीचा आहे, तो पुढे आकड्यांत दिसेलच.

आत शिरणं

६:३० नंतर १५ मिनिटांची कँडल चौकटीबाहेर *बंद* झाली पाहिजे. नुसती शेपटी बाहेर गेली तर काहीच झालेलं नाही. सोबत त्या कँडलचा व्हॉल्यूम चौकटीतल्या चार कँडलच्या सरासरीपेक्षा जास्त हवा. दोन्ही जमलं तर दोन मार्ग आहेत: कँडल बंद होताच शिरायचं, किंवा भाव परत रेषेला टेकायची वाट बघत लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावालाच भरणारी ऑर्डर, लावायची.

या दुसऱ्या मार्गाची, म्हणजे रिटेस्टची, शिफारस सगळीकडे दिसते, कारण त्यात भाव बरा मिळतो. त्याची एक बाजू मात्र झाकली जाते. फसणारा प्रत्येक ब्रेकआउट परत रेषेपाशी येतो, त्यामुळे तुमची लिमिट ऑर्डर सगळ्या फसव्यांत हमखास भरली जाते. जो खराखुरा सुटतो तो मागे वळून बघत नाही, आणि तोच हातून जातो. तरी मी रिटेस्टच घेतो, कारण लिमिट ऑर्डरची फी कमी असते आणि पाठलाग करायची सवय लागत नाही. ऑर्डर चार कँडल, म्हणजे तासभर ठेवतो. भरली नाही तर काढून टाकतो. साडेनऊनंतर नवीन ट्रेड नाही. तोवर दिवसाची पहिली चार तासांची कँडल बंद झालेली असते, आणि पहाटेच्या चौकटीचा जोर ओसरलेला असतो. शिवाय आपल्या ८ ते ९ टोकियोची जेवणाची सुट्टी असते, त्या तासात आलेला ब्रेकआउट मी जरा संशयानेच बघतो.

एक ट्रेड, आकड्यांसह

वहीतला एक सोमवार घेतो, आकडे गोल करून.

खात्यात २,००० USDT. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त तोटा अर्धा टक्का, म्हणजे १० USDT. बिटकॉइनचा डेली एटीआर २,६०० डॉलर. ५:३० ते ६:३० मध्ये वर १,०८,४००, खाली १,०७,८००. रुंदी ६०० डॉलर, म्हणजे एटीआरच्या साधारण २३ टक्के. चालेल.

७ वाजता सुरू झालेली कँडल ७:१५ ला १,०८,५२० वर बंद झाली, व्हॉल्यूम चौकटीच्या सरासरीपेक्षा बराच जास्त. मी १,०८,४३० ला लिमिट ऑर्डर लावली आणि ती ७:४० च्या सुमारास भरली.

आता स्टॉप, म्हणजे तोटा रोखायला आपोआप बाहेर पडायचा भाव. पहिल्यांदा मीही चौकटीच्या मध्यावर ठेवायचो. या ट्रेडमध्ये तो १,०८,०९० ला आला असता: अंतर फक्त ३४० डॉलर. वरवर छान दिसतं, कारण तेवढ्याच जोखमीत मोठी पोझिशन घेता येते. पण फी पोझिशनच्या आकारावर लागते, जोखमीवर नाही. जाऊन-येऊन ०.१ टक्का फी धरली तर एका बिटकॉइनमागे सुमारे १०८ डॉलर. ३४० डॉलरच्या जोखमीवर १०८ डॉलर फी म्हणजे ट्रेड सुरू होण्याआधीच एक तृतीयांश जोखीम खाल्ली. स्पॉटवर, म्हणजे प्रत्यक्ष नाणं घेताना, फी याच्या दुप्पट असेल तर दोन तृतीयांश. बहुतेकांची पद्धत बरोबर असूनही खातं आटतं ते इथे, आणि खापर फुटतं ब्रेकआउटवर.

म्हणून स्टॉप चौकटीच्या पलीकडे, १,०७,७८० ला. अंतर ६५० डॉलर, त्यात १०८ फीचे, एकूण ७५८. १० भागिले ७५८ म्हणजे ०.०१३ बिटकॉइन. पोझिशन सुमारे १,४१० USDT, म्हणजे खात्यातल्या पैशापेक्षा कमी, लिव्हरेजची, म्हणजे उसन्या पैशाची, गरजच पडली नाही. स्टॉप लागला असता तर भावात ८.४५ आणि फीचे १.४१, मिळून ९.८६ गेले असते. हिशेब १० च्या आत बसला.

वरचं अंगणही मोजलं. दिवसाचा तळ १,०७,८०० धरून पूर्ण एटीआर जोडला तर १,१०,४०० येतात. म्हणजे एन्ट्रीपासून वर जवळपास २,००० डॉलर जागा, जोखमीच्या तिप्पट. ही जागा दुप्पटही नसती तर ट्रेड सोडला असता.

जोखमीएवढा नफा दिसला, म्हणजे भाव १,०९,०८० ला आला, तेव्हा अर्धा माल काढला: ४.२२ USDT. उरलेल्या अर्ध्याचा स्टॉप एन्ट्रीवर आणला. भाव तिथून पुढे रेंगाळला. माझा नियम आहे की दुपारच्या फंडिंगआधी १:१५ ला काहीही असो, बाहेर. तेव्हा भाव १,०९,३१०, उरलेल्याचे ५.७२. एकूण ९.९४, फी १.४१ वजा, हातात साधारण ८.५ USDT. म्हणजे १० ची जोखीम घेऊन साडेआठ. सकाळी आठला स्क्रीनवर बघितलं तेव्हा हा ट्रेड याहून फार मोठा वाटला होता!

१:१५ ला बाहेर पडण्याचं दुसरंही कारण आहे. उन्हाळ्यात साडेबाराला, हिवाळ्यात दीडला लंडन उघडतं, आणि संध्याकाळी अमेरिका. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत स्पॉट बिटकॉइन ईटीएफना मंजुरी मिळाली, ते अमेरिकी बाजाराच्या वेळेतच चालतात: आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळी ७ पासून, हिवाळ्यात ८ पासून. पहाटेच्या चौकटीत त्या पैशाचं मत नसतं. टोकियोच्या जोरावर घेतलेली पोझिशन न्यूयॉर्कच्या हवाली करणं म्हणजे दुसराच ट्रेड झाला, जो तुम्ही तपासलेलाच नाही.

फसतंय हे कसं ओळखायचं

स्टॉप लागायची वाट न बघता बाहेर पडण्यासारखं एकच लक्षण मी मानतो: एन्ट्रीनंतर सलग दोन कँडल चौकटीच्या आत बंद झाल्या. एक आत गेली तर चालतं, रिटेस्टमध्ये तसं होतंच. दोन गेल्या म्हणजे बाहेर जाणाऱ्यांमागे कुणी आलंच नाही. तेव्हा साधारण तृतीयांश ते अर्ध्या तोट्यात सुटका होते.

फसवा ब्रेकआउट माझ्याकडे सगळ्यात जास्त ६:३० ते ७ या अर्ध्या तासात येतो. चौकट नुकतीच पक्की झालेली असते, सगळ्यांना रेषा दिसत असतात आणि रेषेपलीकडे स्टॉप ऑर्डरींचा ढीग लागलेला असतो. भाव तो ढीग उचलतो, आणि ७ ला हाँगकाँग उघडलं की उलटा फिरतो. म्हणून सातच्या आधी बंद झालेल्या ब्रेकआउट कँडलवर मी लगेच ऑर्डर लावत नाही. सातला सुरू होणारी कँडल ७:१५ ला बाहेरच बंद होते का, ते बघतो. यात काही चांगले ट्रेड जातात, जाऊ देत.

एका बाजूने फसून, स्टॉप लागून, मग चौकट दुसऱ्या बाजूने तुटली तर? पुस्तकी उत्तर आहे की उलटा ट्रेड घ्या. मी दिवसाला एकच घेतो. दोनदा कापला गेलेला माणूस तिसऱ्यांदा नियम पाळत नाही, निदान मी पाळला नाही.

बँक ऑफ जपानच्या व्याजदर निर्णयाचा दिवसही सोडायचा. निर्णय बहुतेक वेळा आपल्या सकाळी ट्रेड चालू असतानाच येतो आणि त्याची घोषणा घड्याळाच्या काट्यावर होत नाही. ३१ जुलै २०२४ ला त्यांनी दर वाढवला. त्यानंतर येनमध्ये घेतलेली स्वस्त कर्जं मोडायची घाई झाली, आणि सोमवार ५ ऑगस्टला निक्केई १२.४ टक्के पडला. त्याच दिवशी बिटकॉइन ५० हजार डॉलरच्या खाली गेला. अशा दिवशी खालचा ब्रेकआउट सोन्याचा ठरतो हे खरं, पण स्टॉप ठरलेल्या भावाला मिळेलच याची खात्री नसते.

स्टॉपवरून आठवलं. मे महिन्यातली वावटळ, वीज गेली, वायफाय गेलं, मोबाइलचं नेटवर्कही मेलं. स्टॉप माझ्या डोक्यात होता, एक्स्चेंजवर नव्हता. रेंज शोधत गच्चीवर गेलो तेव्हा ट्रेड नियोजित तोट्याच्या अडीचपट खाली होता. तेव्हापासून एन्ट्री भरली की त्याच मिनिटाला स्टॉप-मार्केट ऑर्डर एक्स्चेंजवर, `Reduce Only` खूण करून. त्याने स्टॉपची ऑर्डर चुकून उलटी पोझिशन उघडत नाही.

करानंतर काय उरतं

इथे आपल्या देशातला ट्रेडर बाकीच्या जगापासून वेगळा पडतो, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वळता करता येत नाही, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही आहे.

समजा दहा ट्रेड केले. पाच जिंकले, प्रत्येकी जोखमीच्या १.२ पट, म्हणजे ६. पाच हरले, म्हणजे ५. वरकरणी १ जोखमीएवढा नफा. पण कर ६ वर लागणार, म्हणजे १.८७. हातात उणे ०.८७. जिंकणारी पद्धत करामुळे हरणारी झाली. निम्मे ट्रेड जिंकत असाल तर सरासरी जिंकणं जोखमीच्या किमान १.४५ पट हवं, तेव्हा कुठे स्पॉटवर शून्याला याल.

टीडीएसचं दुखणं वेगळं. वरचा ट्रेड स्पॉटवर घेतला तर विक्री सुमारे १,४२० USDT ची, म्हणजे कपात १४ च्या वर, तर नफा साडेआठ. हा पैसा विवरणपत्रात परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर अडकतो. असे वीस ट्रेड केले तर २,००० मधले २८० च्या वर गोठले. म्हणून स्पॉटवर ही पद्धत रोज चालवणं मला परवडणारं वाटत नाही. शिवाय स्पॉटवर खालचा ब्रेकआउट घेताही येत नाही. फ्युचर्स वापरणार असाल तर आधी सीएसमोर बसून त्या नफ्याची नोंद कुठल्या शीर्षाखाली करायची ते ठरवा. एक्स्चेंज सरकारच्या एफआययू-इंडिया या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेलं आहे ना, तेही बघा. मार्जिन आयसोलेटेड ठेवा, म्हणजे एका ट्रेडचा तोटा बाकी खात्यावर जात नाही, आणि लिव्हरेज तीनपटीच्या वर नको. लिक्विडेशनचा भाव, म्हणजे जिथे एक्स्चेंज जबरदस्तीने पोझिशन बंद करतं तो भाव, स्टॉपपासून खूप लांब असला पाहिजे.

वही

पैसे लावण्याआधी कामाचे साठ दिवस नुसती नोंद करा. तीन महिने लागतील. रकाने थोडेच: चौकटीची रुंदी एटीआरच्या किती टक्के, ब्रेकआउट कँडल किती वाजता बंद झाली, लिमिट भरली का, भाव जास्तीत जास्त किती जोखमीपट पुढे गेला, आणि १:१५ ला कुठे होता. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. भाव सहसा दीडपट जाऊन १:१५ पर्यंत परत येत असेल, तर अर्धा माल लवकर काढणं बरोबर. तसं नसेल, तर माझा नियम तुमच्या नाण्याला लागू नाही. इथरवर माझ्या नोंदी बिटकॉइनपेक्षा वेगळ्या आल्या, तिथे चौकटीची वरची मर्यादा मला ४० टक्क्यांवर न्यावी लागली.

इतवारीतल्या मित्राने वही घातली. चाळीस दिवसांनी फोन आला, "राजेहो, माझ्या तर अठरा दिवस काहीच झालं नाही, भाव आतच!" त्या अठरा दिवसांचीही ओळ वहीत लिही म्हटलं. आता तो साडेपाचला उठतो, साडेसहाला रेषा बघतो, आणि चौकट पसंत नसेल तर सातच्या आत दुकानाचं शटर उघडायला निघतो.